उलटं घड्याळ

काट्यांचं घड्याळ मनगटावर उलटं धरलं की इंग्लंडची वेळ दिसते, ही युक्ती मला आमच्या परभणीच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं शिकवली. वर्गात मी ती कितीदा करून दाखवली असेल, त्याचा हिशेब नाही. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. घड्याळ उलटं केलं की तासकाटा अर्धा फेरा फिरतो, म्हणजे सहा तास मागं जातो. मिनिटकाटाही अर्धा फेरा फिरतो, म्हणजे तीस मिनिटं पुढं सरकतो. सहातून अर्धा गेला, राहिले साडेपाच. आपल्याकडं दुपारचे बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात सकाळचे साडेसहा दिसतात. पोरं आपापल्या वडिलांची घड्याळं आणून उलटी करून बघायची आणि ‘सर, खरंच की हो!’ म्हणायची.

एक अडचण आहे तेवढी. उलट्या घड्याळात तासकाटा आपल्या जागेपेक्षा अर्धा तास मागं रेंगाळलेला दिसतो, म्हणून त्याला मनातल्या मनात जरा पुढं ढकलावं लागतं. पंधरा दिवसांत सवय होते. पण या सवयीबरोबर आणखी एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे काट्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, थोडा आपला ठेवायचा. माझा घात तिथंच झाला.

मार्च २०२३ मध्ये मी लीड्सला लेकीकडं गेलो होतो. बायकोच्या आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून ही परभणीलाच राहिली आणि मी एकटाच निघालो. गुढीपाडवा बुधवारी, २२ तारखेला होता. जावयानं कपडे वाळत घालायच्या काठीची गुढी उभारली, कडुनिंब मिळाला नाही म्हणून लेकीनं कुठल्याशा दुकानातून मेथी आणून तोंड कडू केलं, आणि मी तिथल्या थंडीत दोन स्वेटर घालून नव्या वर्षाचं स्वागत केलं.

मनगटावर वडिलांचं एचएमटी होतं. पांढरी तबकडी, आकड्यांऐवजी नुसत्या रेषा, रोज सकाळी चावी द्यायची. ते मी भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. फोनवरही आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून भारताचीच वेळ ठेवली होती, कारण हिच्याशी रोज रात्री आठला बोलायचं ठरलं होतं. लेक म्हणाली, ‘‘बाबा, असं काय करता? तिकडची वेळ फोनमध्ये वेगळी दिसते की.’’ मी म्हणालो, ‘‘मला उलटं बघून कळतं.’’ यात थोडी मिजास होती, कबूल करतो. बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला साडेपाच तास वजा करायला यंत्र लागावं?

रविवारी, २६ तारखेला मी एडिंबराला जाणार होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथं राहतो. आठवीत प्रत्येक चाचणीत अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल करायचा, आता उपग्रहांच्या नकाशांचं काम करतो. त्यानं जेवायला बोलावलं होतं. लीड्सहून यॉर्क आणि यॉर्कला गाडी बदलून एडिंबरा. लेकीनं तिकीट काढताना मुद्दामच दोन गाड्यांमध्ये मोकळा वेळ ठेवला होता. सव्वानऊची गाडी, नऊ चाळीसला यॉर्क, आणि पुढची गाडी अकरा वाजून दोन मिनिटांनी. एक तास बावीस मिनिटं. ‘‘स्टेशनाबाहेरच जुना तट आहे बाबा, तेवढा बघून या.’’

शनिवारी रात्री झोपायला जाताना ती म्हणाली, ‘‘आज रात्री घड्याळं एक तास पुढं जाणार आहेत बरं का.’’

‘‘हो हो, शिकवलंय मी ते,’’ मी म्हणालो. आणि झोपलो.

शिकवलं होतंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे एक वाजला की तिथं एकदम दोन वाजतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोनचा पुन्हा एक होतो. याचं कारण अक्षांशात आहे. परभणीत वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यांत लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांचा फरक, आपण तो अंगावर घेतो, कळतही नाही. लीड्सला हेच आकडे सतरा आणि साडेसात. उन्हाळ्यात घड्याळ तसंच ठेवलं तर लोक साखरझोपेत असताना कितीतरी उजेड वाया जातो, तो उचलून संध्याकाळी ठेवायचा. उजेड वाढत नाही, नुसता हलवला जातो. आपल्याकडं घरातलं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला लावतात, तसं.

ही कल्पना इंग्लंडात एका घरं बांधणाऱ्या माणसानं लावून धरली होती. विल्यम विलेट त्याचं नाव. १९०७ मध्ये त्यानं पुस्तिका काढली. त्याचा मूळ बेत फार मजेशीर होता. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढं करायचं, म्हणजे एकूण ऐंशी मिनिटं, कुणाला धक्का बसू नये म्हणून हप्त्या-हप्त्यानं. लोकांनी त्याला हसून घेतलं. तो १९१५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीनं ३० एप्रिलला घड्याळं पुढं केली. तीन आठवड्यांत, २१ मे १९१६ ला, इंग्लंडनंही केली.

हे सगळं मला पाठ होतं. फक्त त्या सकाळी ते माझ्या मनगटावर आलं नाही.

सकाळी उठलो, घड्याळाला चावी दिली, उलटं करून पाहिलं. स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो तर मायक्रोवेव्हवर अगदी तीच वेळ होती. त्या घरातली बाकीची घड्याळं रात्रीतूनच आपली आपण पुढं गेली होती, हे एकच बिचारं हातानं लावायचं राहिलं होतं. लेकीनं नंतर सांगितलं की ते दर वर्षी मे महिन्यापर्यंत तसंच राहतं. पण माझ्या दृष्टीनं दोन घड्याळं एकमेकांशी जुळली होती. दोन साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर संशय घ्यायला जागा उरते कुठं?

जावई घाई करत होता. मला वाटलं, या देशात राहून याला घाईचा रोग लागलाय, तास-दीड तास आधी कशाला निघायचं? पण जावयाला काय बोलणार. त्यानं मला डब्यापर्यंत नेलं, पिशवी वर ठेवली, ‘‘यॉर्कला उतरा, विसरू नका’’ म्हणाला. गाडी सुटली. मी हात हलवण्यात आणि खिडकीजवळची जागा सापडल्याच्या आनंदात होतो, किती वाजले हे पाहिलंच नाही.

यॉर्कला उतरून पाहिलं. घड्याळात दोन दहा, उलटं करून आठ चाळीस. तिकिटावर छापलं होतं नऊ चाळीस.

आता इथं तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माणसाचं डोकं फार सोयीचं असतं. मी तिथल्या तिथं निष्कर्ष काढला की जावयानं आपल्याला तासभर आधीची गाडी धरून दिली. म्हणूनच एवढी घाई! मनातल्या मनात त्याला शाबासकीसुद्धा दिली. ज्या तिकिटावर मी बसलो होतो ते ठरलेल्या गाडीशिवाय दुसऱ्या गाडीला चालतच नाही, हे मला कुठं माहीत?

आणि खरं सांगायचं तर स्टेशनातलं घड्याळही दिसलं होतं. यॉर्कचं स्टेशन १८७७ चं आहे. वळत गेलेल्या फलाटावर लोखंडी कमानींचं वळत गेलेलं छत आहे, मान वर करून पाहत राहावं असं. तिथं एक भलंमोठं जुनं घड्याळ लटकतं. त्यात नऊ चाळीस वाजले होते. मी ते पाहिलं आणि म्हटलं, एवढं देखणं घड्याळ आणि तासभर पुढं! आपल्याकडं फलाटावरचं घड्याळ बंद असणं किंवा आपल्याच तंद्रीत चालणं यात नवल नसतं. लहानपणापासून आम्ही फलाटावर उभं राहून घड्याळाकडं नाही, रुळांकडं बघत आलो. स्टेशनातल्या घड्याळापेक्षा वडिलांच्या घड्याळावर माझा विश्वास जास्त, त्याला हे असं कारण आहे.

तर माझ्या हिशेबानं माझ्याकडं दोन तास बावीस मिनिटं होती. खरं तर एक तास बावीस होती.

तट सुंदर होता. उतारावर पिवळ्याधमक डॅफोडिलची फुलं, जिकडं पाहावं तिकडं, आपल्याकडं करडई फुलावर आल्यासारखी. वरून एका बाजूला कॅथेड्रलचे मनोरे दिसतात, दुसऱ्या बाजूला स्टेशनाचं छत. आधीचं रेल्वे स्टेशन तटाच्या आत होतं, त्यासाठी मध्ययुगीन तटाला कमानी पाडून रूळ आत नेले होते, हे एका पाटीवर वाचलं आणि त्या कमानींपाशी बराच वेळ उभा राहिलो. कुठंतरी घंटेचे ठोके पडले. मोजले असते तर दहा भरले असते. मी मोजले नाहीत, रविवारची प्रार्थना असेल म्हटलं. एका बाकावर बसून डब्यातला धपाटा खाल्ला. ऊन होतं, वारा गार होता, आणि वेळ भरपूर होता.

साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे माझ्या साडेदहाच्या, मी परत आलो. फलाटावरच्या पाटीवर एडिंबराची अकरा-दोनची गाडी नाही. पुढच्या सगळ्या गाड्या बाराच्या आसपासच्या. रेल्वेचा गणवेश घातलेल्या एका बाईंना तिकीट दाखवलं. त्यांनी तिकीट पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि फार मायेनं म्हणाल्या, ‘‘घड्याळं पुढं गेली ना आज, लव्ह.’’

त्या भागात कुणालाही ‘लव्ह’ म्हणतात, भाजीवालीसुद्धा. पण मला ते ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात हिनं मला ‘अहो’च्या पुढं काही म्हटलेलं नाही. मी त्या शब्दानं आधी दचकलो आणि वाक्याच्या पहिल्या भागापर्यंत नंतर पोचलो. मग त्या देखण्या घड्याळाकडं वर पाहिलं. अकरा पस्तीस. माझ्या हातातलं सरळ धरलं, चार पाच. चारच्या पुढं पाच मिनिटं. त्यातून साडेपाच नाही, आता साडेचार वजा करायचे. अकरा पस्तीस. गाडी जाऊन तेहेतीस मिनिटं झाली होती.

उलट्या घड्याळाची युक्ती वर्षातले पाचच महिने खरी असते, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत. उरलेले सात महिने ती बरोबर एक तासानं चुकते. मिनिटकाटा अगदी अचूक असतो, म्हणूनच संशय येत नाही. घड्याळ बंद पडलं तर कळतं, दहा मिनिटं मागं राहिलं तरी कळतं. बरोबर एक तासाची चूक मात्र फार सभ्य दिसते.

तिकीट बुडालं. आधीची गाडी उशिरा आली म्हणून पुढची चुकली असती तर त्यांनी पुढच्या गाडीत बसू दिलं असतं, तसा नियमच आहे. पण माझी आधीची गाडी मिनिटभरही चुकली नव्हती, मी चुकलो होतो, आणि स्वस्तात आगाऊ काढलेलं तिकीट त्या एकाच गाडीपुरतं असतं. नवीन घ्यावं लागलं, पहिल्याच्या दुपटीहून महाग. स्टेशनाच्या वायफायवरून लेकीला फोन केला. ती आधी घाबरली, मग हसायला लागली, मग मायक्रोवेव्हचं आठवून एकदम गप्प झाली. विद्यार्थ्याला तिनंच कळवलं. एडिंबराच्या फलाटावर तो ताटकळत उभा होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘सर, अक्षांश-रेखांश मी उलटे करायचो, आज तुम्ही?’’

बत्तीस वर्षांचा बदला त्यानं एका वाक्यात घेतला. मी घेऊ दिला.

गाडी बदलणं हा मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या अंगातच मुरलेला भाग आहे. रूळ रुंद होण्याआधी, नव्वदच्या दशकापर्यंत, आमच्याकडं छोटी लाइन होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरा, पथाऱ्या, ट्रंका, पाण्याचा तांब्या घेऊन मोठ्या गाडीच्या फलाटाकडं पळा. येताना तेच उलट. मुंबईची गाडी उशिरा आली तर छोटी गाडी थांबवून ठेवलेली मी लहानपणी पाहिली आहे. वडील खिडकीतून म्हणायचे, ‘‘सावकाश या, गाडी आपलीच वाट बघतेय.’’ ते ऐकत मोठा झालेला माणूस यॉर्कच्या तटावर धपाटा खात बसला, यात आता मला फारसं नवल वाटत नाही.

परत आल्यावर ही गोष्ट मी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सांगितली. त्यात एक निवृत्त स्टेशन मास्तर आहेत. बाकीचे ‘लव्ह’ या शब्दावर अडकले. मास्तर मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सर, ते जाऊ द्या. रात्री एक वाजता जी गाडी रुळावर असंल, तिचं काय करतेत?’’

धंद्यातला माणूस बरोबर जागी बोट ठेवतो. मी सांगितलं ते असं. युरोपात रात्रभर धावणाऱ्या गाड्या आहेत. मार्चच्या त्या रात्री धावत्या गाडीखालून एक तास काढूनच घेतला जातो. ड्रायव्हरनं काहीही केलेलं नसताना ती एका क्षणात तासभर उशिरा होते, आणि सकाळपर्यंत जमेल तेवढं भरून काढते. ऑक्टोबरात उलटी गंमत. गाडीला एक तास जास्तीचा मिळतो. तशीच धावली तर प्रत्येक स्टेशनावर वेळेआधी तासभर पोचेल, आणि वेळेआधी सोडली तर लोकांची चुकेल. म्हणून जर्मनीत तिला वाटेत एखाद्या सोयीच्या स्टेशनावर उभी करून ठेवतात, तास सरेपर्यंत.

‘‘तासभर उभी?’’ मास्तर म्हणाले. ‘‘मंग त्यात नवीन काय? आमी तर घड्याळाला हात न लावता करत होतो.’’

हसून झाल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. ‘‘अन् रजिस्टरात काय लिवायचं? त्या रात्री अडीच दोनदा वाजतेत की. गाडी कोणत्या अडीचला गेली?’’

मी खूश झालो, कारण याचंही उत्तर आहे. जर्मनीत त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा येतो, म्हणून पहिल्याला २ए आणि दुसऱ्याला २बी अशी खूण कायद्यानंच दिली आहे. २ए अडीच आणि २बी अडीच. मास्तरांचं समाधान झालं. जर्मनीनंच हे सगळं पहिल्यांदा देशभर सुरू केलं हेही मी सांगितलं, तेव्हा तर दोघं-तिघं एका सुरात म्हणाले, ‘‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’’ आमच्या गावात कुठलाही विषय या वाक्यापर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

पण मास्तरांना मी एक सांगितलं नाही, कारण ते त्यांना विनोदी वाटलं नसतं. परभणीत आपण सगळे रोजच चुकीच्या वेळेवर जगतो. देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. परभणी त्याच्या पावणेसहा अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी तेवीस मिनिटं मागं आहे. शाळेच्या पटांगणात काठी रोवून मी पोरांना ते दाखवायचो. घड्याळात बारा वाजले तरी सावली अजून आखूड होतच असायची. पोरं विचारायची, ‘‘सर, मग खरे बारा कोणते?’’ मी सांगायचो, परीक्षेत घड्याळाचे लिहा. मुंबईनं तर १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ ठेवली होती, देशाच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. एका गावात दोन वेळा, आणि लोक त्यात जगत होते.

यॉर्कनंतर मी वडिलांचं घड्याळ तिथल्या वेळेवर लावलं. निमूट, सरळ, साडेचार तास मागं. आणि दुसऱ्याच दिवशी रोजच्यासारखा दुपारी अडीचला परभणीला फोन लावला. ही म्हणाली, ‘‘अहो, आज एवढ्या लवकर काय? माझी मालिका चालू आहे.’’ तिच्याकडं सात वाजले होते. मला घड्याळ बदलल्याचं लक्षात होतं, तिचं बदललेलं नाही एवढंच विसरलो होतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शेवटचा रविवार २९ तारखेला आला. आदल्या रात्री कोजागरी, त्यात ग्रहण, त्यामुळं दूध आटवायचं की नाही यावर घरात दोन मतं पडली होती आणि झोप कुणाचीच नीट झालेली नव्हती. लेक दर रविवारी तिच्या दुपारी तीनला फोन करते, आमच्या साडेसातला. साडेसात वाजले. पावणेआठ झाले. ही ताटं वाढायची थांबली. आठला मीच फोन लावला, उचलला नाही. ‘‘गाडी चालवत असंल,’’ मी म्हणालो. सव्वाआठला हिनं देवापाशी दिवा नीट केला, विनाकारण. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो आणि मनातल्या मनात जावयाचा नंबर पाठ आहे का ते तपासत होतो.

साडेआठला फोन वाजला.

‘‘बाबा, दोन मिनिटं झाली तीनला,’’ लेक म्हणाली. ‘‘आणि मघाशी कशाला केलात? काही झालंय का तिकडं?’’

हिनं माझ्याकडं पाहिलं. मी घड्याळाला चावी द्यायला घेतली, सकाळी दिलेली असताना.